पाच वर्षांचं गणित आणि त्यानंतरचा सगळा काळ: टर्मिनल व्हॅल्यू कशी काढतात, कुठे चुकते

हापूसची बाग दोन तऱ्हांनी हाती येते. एक तर पाच वर्षांच्या कराराने, नाहीतर खरेदीखत करून. कराराने घेणारा पाच हंगाम मोजतो: मोहोर किती टिकेल, फवारणी आणि राखणीला किती जाईल, पेटी काय भावाने सुटेल. विकत घेणाराही सुरुवात तिथूनच करतो. पण पाच वर्षं सरली तरी कलमं उभीच राहणार आणि सहाव्या वर्षीचा आंबाही आपलाच, हे त्याच्या हिशोबात असतं. म्हणून जमिनीचा प्लॉट म्हणून असलेला भाव बाजूला ठेवला तरी एकाच बागेच्या दोन किमती होतात, आणि दुसरी पहिलीच्या कितीतरी पट असते. दोन्ही किमतींत जो फरक पडतो, त्यालाच कंपनीच्या मूल्यांकनात टर्मिनल व्हॅल्यू म्हणतात.

डिस्काउंटेड कॅश फ्लो, म्हणजे डीसीएफ पद्धत सांगायला सोपी आहे. धंद्यातून दरवर्षी मालकांच्या आणि बँकेच्या हाती किती रोकड उरेल याचा अंदाज बांधायचा, आणि पुढे मिळणारा पैसा आजच्या किमतीत आणण्यासाठी त्याला दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी कमी करत जायचं. हा टक्का म्हणजे डिस्काउंट रेट. त्या धंद्यात पैसे घालणाऱ्याला जोखमीच्या मानाने जो परतावा हवा असतो, तोच हा दर. अडचण एवढीच की वर्षावार अंदाज पाच, फार तर दहा वर्षांचाच करता येतो. त्यापुढच्या सगळ्या काळाची किंमत एका आकड्यात बसवावी लागते.

हा एक आकडा मूल्यांकनाच्या अहवालातल्या एकूण किमतीचा बहुतेक भाग व्यापतो, आणि तो ज्यातून निघतो ती ओळ बहुतेक वाचक नजरेखालून घालतच नाहीत. रत्नागिरी आणि राजापूरच्या मधे कुठेतरी आंब्याचा पल्प डब्यात भरणारी एक कंपनी आहे अशी कल्पना करू. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण धंद्याची घडण खरी आहे. एप्रिलअखेरपासून पाऊस लागेपर्यंत कॅनिंगचा आंबा किलोवर घ्यायचा, रस काढून डबे सील करायचे आणि ते डबे वर्षभर विकायचे. रक्कम कोटी रुपयांत आहे आणि डिस्काउंट रेट १३ टक्के धरला आहे.

| वर्ष | कर जाता कामकाजातला नफा | धंद्यात परत घातलेले पैसे | हाती उरलेली रोकड | आजचं मूल्य |
|---|---|---|---|---|
| १ | २.०० | १.२० | ०.८० | ०.७१ |
| २ | २.२५ | १.२५ | १.०० | ०.७८ |
| ३ | २.५० | १.२० | १.३० | ०.९० |
| ४ | २.७५ | १.०५ | १.७० | १.०४ |
| ५ | २.९७ | ०.९७ | २.०० | १.०९ |

हा नफा व्याज वजा करण्याआधीचा आहे. परत घातलेले पैसे म्हणजे यंत्रं आणि इमारतीवरच्या खर्चातून घसारा वजा करून जे उरतं ते, अधिक खेळत्या भांडवलात झालेली वाढ. शेवटच्या रकान्याची बेरीज ४.५२ कोटी येते. म्हणजे पाच वर्षांची सगळी कमाई आज फक्त साडेचार कोटींची आहे.

आता पुढचा काळ. पाचव्या वर्षानंतर रोकड दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत राहील असं धरलं, तर मायरन गॉर्डन यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र वापरतात:

```
TV5 = FCF6 / (r - g)
PV  = TV5 / (1 + r)^5
```

FCF म्हणजे हाती उरलेली रोकड, r डिस्काउंट रेट, g वाढीचा दर, TV टर्मिनल व्हॅल्यू आणि PV तिचं आजचं मूल्य. सहाव्या वर्षाची रोकड २.१० कोटी. तिला १३ वजा ५, म्हणजे ८ टक्क्यांनी भागलं की २६.२५ कोटी येतात. ही किंमत पाचव्या वर्षाच्या अखेरीची आहे, म्हणून ती आजच्या पैशांत आणायला पाच वर्षांचाच भागाकार करायचा. सूत्रात सहाव्या वर्षाची रोकड दिसते म्हणून काही जण सहा वर्षांचा करतात, आणि तेवढ्यानेच इथे १.६४ कोटी उडून जातात. बरोबर भागाकार केला की १४.२५ कोटी मिळतात. त्यात ४.५२ मिळवले की कंपनीची किंमत १८.७७ कोटी, आणि त्यातला ७६ टक्के भाग टर्मिनल व्हॅल्यूचा.

हे पाहून पहिल्यांदा शंका येते ती गणितातच काहीतरी गडबड असावी अशी. तशी ती नाही. समजा या कंपनीत कसलाच मोठा विस्तार चाललेला नाही आणि पहिल्या वर्षापासूनच तिची रोकड शांतपणे ५ टक्क्यांनी वाढते आहे. दरवर्षीची रोकड आधीच्या वर्षाच्या १.०५ पट होते आणि आजच्या मूल्यात आणताना आणखी एकदा १.१३ ने भागली जाते. म्हणजे प्रत्येक पुढच्या वर्षाचं आजचं मूल्य आधीच्या वर्षाच्या सुमारे ९३ टक्के असतं. ते इतकं हळू घटत असल्यामुळे पहिली पाच वर्षं मिळून एकूण किमतीचा ३१ टक्के भागच भरतात आणि ६९ टक्के पुढे राहतात. अंदाज दहा वर्षांचा केला तरी पुढच्या काळाकडे ४८ टक्के उरतात. चालत्या धंद्याचं आयुष्य पाच वर्षांहून मोठं असतं, एवढंच हे गणित सांगतं.

आपल्या कंपनीचा वाटा ६९ वरून ७६ वर गेला तो तिच्या सुरुवातीच्या वर्षांमुळे. पहिल्या वर्षी दोन कोटींच्या नफ्यातले सव्वा कोटीच्या आसपास पैसे नव्या यंत्रांत आणि गोदामात गेले. खर्च पाच वर्षांच्या खिडकीत दिसतो, त्याचं फळ मात्र खिडकीच्या बाहेर येतं. नवा कारखाना उभारणाऱ्या कंपनीची पहिल्या काही वर्षांची रोकड उणे असेल, तर टर्मिनल व्हॅल्यूचा वाटा १०० टक्क्यांच्याही वर जातो, आणि त्यातही गणिताची चूक नसते.

हा टक्का खाली आणण्यासाठी कुणी अंदाज पाचऐवजी दहा वर्षांचा करतं. सहाव्या ते दहाव्या वर्षासाठी तोच ५ टक्क्यांचा दर वापरला असेल, तर किंमत एका रुपयानेही बदलत नाही. वाटा कमी दिसतो, कारण तेच गृहीतक आता वेगळ्या ओळींत लिहिलेलं असतं. दहा वर्षांचा अंदाज उपयोगाचा ठरतो तो धंदा पाचव्या वर्षी अजून स्थिर झालेला नसेल तेव्हा: नवी लाइन अर्ध्या क्षमतेवर चालते आहे, निर्यात नुकतीच सुरू झाली आहे, असं काही असेल तर.

‘अनंत काळ’ या शब्दानेही उगाच धसका बसतो. या १४.२५ कोटींपैकी ७७ टक्के रक्कम सहाव्या ते पंचविसाव्या वर्षांतूनच येते. पंचविसाव्या वर्षानंतरच्या सगळ्या काळाला मिळून सव्वातीन कोटींच्या आसपास राहतात. म्हणजे कारखाना शंभर वर्षं चालेल का, यावर वाद घालण्यात फार अर्थ नाही. तो पंचवीस वर्षं कसा चालेल हे महत्त्वाचं. मात्र कारखाना वीस वर्षांच्या खासगी भाडेपट्ट्यावर असेल आणि नूतनीकरणाची हमी नसेल, तर हे सूत्र वापरूच नये. उरलेली वर्षं एकेक करून मोजावीत आणि शेवटी यंत्रसामग्री विकून जे हाती येईल ते धरावं.

मग खरी जोखीम कुठे आहे? भागाकाराच्या खालच्या आकड्याकडे सगळे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. वाढीचा दर ५ ऐवजी ६ धरला की खाली ८ च्या जागी ७ येतात आणि कंपनीची किंमत २०.९६ कोटी होते, म्हणजे १२ टक्के जास्त. त्याच जोडीला डिस्काउंट रेट १३ वरून १२ केला तर २४.७० कोटी. दोन्हीकडे एकेक टक्का सरकवून किंमत जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. म्हणून प्रत्येक चांगल्या अहवालात या दोन दरांचा तक्ता असतो. पण माझ्या मते त्याहून मोठी आणि कमी तपासली जाणारी चूक भागाकाराच्या वरच्या आकड्यात असते: सहाव्या वर्षाची रोकड.

एक्सेलमध्ये नेहमी काय केलं जातं ते पाहा. शेवटच्या वर्षानंतर धंदा ‘स्थिर’ झाला असं म्हणून भांडवली खर्च घसाऱ्याइतकाच धरतात आणि खेळत्या भांडवलातली वाढ शून्य करतात. म्हणजे धंद्यात काहीही परत घालायचं नाही, सगळा नफा हाती. सहाव्या वर्षाचा नफा ३.१२ कोटी, म्हणून रोकडही ३.१२ कोटी. तिला ८ टक्क्यांनी भागलं की ३९ कोटी, आजच्या पैशांत २१.१७, आणि कंपनीची किंमत २५.६९ कोटी. आधीच्या उत्तरापेक्षा ३७ टक्के जास्त, तीही कुठल्याही दराला हात न लावता.

या आकड्याने गृहीत काय धरलंय ते बघा. कारखाना दरवर्षी ५ टक्के जास्त विक्री करणार, पण त्यासाठी जास्तीचा आंबा, जास्तीचे रिकामे डबे, गोदामात जास्तीची जागा, बॉयलरची जास्तीची वाफ यांपैकी कशालाही कधीच पैसे लागणार नाहीत. काहीच परत घालायचं नसेल, तर त्याच्या जोडीला वाढही शून्यच धरावी लागते. मग नफा २.९७ वर थांबतो, भागाकार १३ टक्क्यांनी होतो आणि ३९ च्या जागी पावणेतेवीस कोटींच्या जवळपास येतात.

इथे कुणी म्हणेल, ५ टक्क्यांतले ४ टक्के तर नुसती महागाई आहे, तिला पैसे कशाला लागतील? रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे हे खरं. पण महागाईलाही पैसे लागतात. आंबा ४ टक्क्यांनी महागला की तेवढेच डबे भरायला ४ टक्के जास्त रक्कम अडकते. घसारा मोजला जातो तो बॉयलर ज्या किमतीला घेतला त्या किमतीवर. दहा-बारा वर्षांनी तो बदलायचा तर नव्या भावाने घ्यावा लागतो. म्हणून महागाईच्या जगात चालू राहणाऱ्या धंद्याचा भांडवली खर्च घसाऱ्याहून जास्तच असतो. किनाऱ्यावर तर खाऱ्या हवेने पत्रे, मोटारी आणि पाइपांचं आयुष्य कागदावरच्या आयुष्यापेक्षा कमी भरतं, तेव्हा इथे तो फरक आणखी मोठा धरायला हवा.

बरोबर आकडा काढायची पद्धत अगदी साधी आहे. धंदा कायमचा ५ टक्क्यांनी वाढायचा असेल, तर त्यात गुंतलेलं भांडवलही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढायला हवं. पाचव्या वर्षाअखेर गुंतलेलं भांडवल बघायचं, म्हणजे यंत्रं, इमारत आणि खेळतं भांडवल मिळून किती आहेत ते. त्याचे ५ टक्के काढायचे आणि नफ्यातून वजा करायचे. आपल्या कंपनीच्या अंदाजित ताळेबंदात हे भांडवल १८ कोटी दिसतं असं समजू. त्याचे ५ टक्के म्हणजे ९० लाख. ३.१२ मधून ते वजा केले की रोकड २.२२ कोटी, आणि पाचव्या वर्षाअखेरची टर्मिनल व्हॅल्यू २७.७५ कोटी.

पण हंगामी धंद्यात हा आकडा घेताना एक खास सापळा आहे, आणि कोकणातल्या प्रक्रिया उद्योगांत तो हमखास लागतो. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. आंब्याच्या कारखान्यात ३१ मार्च म्हणजे गोदाम जवळजवळ रिकामं झाल्याची तारीख. गेल्या हंगामाचे डबे विकून झालेले, नव्या आंब्याला पैसे अजून द्यायचे आहेत. कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी घेतलेलं बँकेचं कर्जखातंही त्या दिवशी सर्वांत हलकं असतं. दोन महिन्यांनी चित्र उलटं होतं: आंबा, डबे, मजुरी यांचे सगळे पैसे बाहेर गेलेले आणि गोदाम छतापर्यंत भरलेलं. ३१ मार्चला खेळतं भांडवल २ कोटी दिसत असेल, तर बारा महिन्यांची सरासरी ६ कोटी निघणं मुळीच अशक्य नाही. ही सरासरी काढायला महिनाअखेरचे साठ्याचे आकडे लागतात. बँकेला दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ते तयार मिळतात.

सरासरी धरली की गुंतलेलं भांडवल १८ ऐवजी २२ कोटी होतं. त्याचे ५ टक्के १.१० कोटी, रोकड २.०२, टर्मिनल व्हॅल्यू २५.२५ कोटी. आजच्या पैशांत ती १३.७०, आणि कंपनीची किंमत १८.२२ कोटी. फक्त ताळेबंदाची तारीख बदलल्याने टर्मिनल व्हॅल्यूत अडीच कोटींचा फरक पडला. काजूच्या कारखान्यातही हेच होतं, कारण काजू बी हंगामात घेऊन ठेवायची आणि गर वर्षभर विकायचा. तारीख तीच राहिली तरी साठ्याची शिखरं आणि तळ वेगळ्या महिन्यांत येतात, एवढंच.

नफ्याचा ३.१२ हा आकडाही तसाच तपासावा लागतो. पाचवं वर्ष चांगल्या पिकाचं धरलं असेल, म्हणजे आंबा भरपूर आणि कॅनिंगचा भाव पडलेला, तर त्या वर्षीचा मार्जिन कारखान्याला मिळणाऱ्या सर्वांत चांगल्या मार्जिनांपैकी एक असतो. टर्मिनल व्हॅल्यू तोच मार्जिन कायमचा करून टाकते. उलट अवकाळी पावसाने मोहोर गळाला, थ्रिप्सने धुडगूस घातला, तर तेच वर्ष कायमची वाईट कमाई दाखवतं. म्हणून शेवटच्या वर्षात सात-आठ हंगामांचा सरासरी मार्जिन घालावा, त्यात चांगले-वाईट दोन्ही येऊ द्यावेत. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, या दोन वादळांतली नुकसानी ‘अपवादात्मक’ म्हणून सरासरीतून काढून टाकण्याचा मोह होतो. अशा एका वादळाची तारीख सांगता येत नाही, पण पंचवीस वर्षांत एकही येणार नाही असं धरणं किनाऱ्यावरच्या कारखान्याला शोभत नाही. विम्याचा हप्ता आणि विम्यात न बसणारं सरासरी नुकसान दरवर्षीच्या खर्चात थोडं थोडं घालावं.

आता वाढीच्या दराकडे परत येऊ, कारण भांडवलाचा हिशोब नीट लावला की त्याचा धाक बराच कमी होतो. तोच दर पुन्हा ५ वरून ६ करून बघा. सहाव्या वर्षाचा नफा ३.१५ कोटी होईल. पण भांडवलाचे आता ६ टक्के, म्हणजे १.३२ कोटी परत घालावे लागतील. रोकड १.८३ उरते, तिला ७ टक्क्यांनी भागलं की २६.१४ कोटी. टर्मिनल व्हॅल्यू २५.२५ वरून साडेतीन टक्क्यांनीच वाढली. आधीच्या पद्धतीत, रोकड नुसती १.०६ ने गुणून, याच बदलाने ती १५ टक्क्यांनी वाढली होती. वाढ हवी तर तिची किंमतही मोजावी लागते हे सूत्रात घातलं, की एका टक्क्याचा खेळ करून किंमत फुगवता येत नाही.

याची एक टोकाची पण फार शिकवणारी पायरी आहे. समजा पाचव्या वर्षानंतर घातलेल्या प्रत्येक नव्या रुपयावर कंपनीला फक्त १३ टक्के मिळणार, म्हणजे गुंतवणूकदाराला हवे असतात तेवढेच, त्याहून जास्त काही नाही. मग ५ टक्के वाढीसाठी नफ्याच्या तेरा भागांतले पाच भाग परत घालावे लागतात, १.२० कोटी. रोकड १.९२, भागिले ८ टक्के, बरोबर २४ कोटी. सहाव्या वर्षाचा नफा ३.१२ च ठेवून त्यापुढची वाढ ३ टक्के धरली तर परत घालायचे ७२ लाख, रोकड २.४०, भागिले १० टक्के, पुन्हा २४ कोटी. वाढीचा दर काहीही घ्या, उत्तर तेच, आणि ते नफा भागिले डिस्काउंट रेट एवढंच असतं. म्हणजे वाढीला किंमत असते ती धंदा आपल्या भांडवलाच्या खर्चाहून जास्त कमावत असेल तेवढ्यापुरतीच.

म्हणून अहवाल वाचताना विचारायचा प्रश्न असा: हा जास्तीचा परतावा या कंपनीकडे कायम का राहील? २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे किंमत टिकेल, असं उत्तर अनेकदा मिळतं. मानांकनाने नावाचं रक्षण होतं हे खरंच. पण ते संपूर्ण प्रदेशाचं आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांचं. शेजारचा कारखानदारही रीतसर नोंदणी करून तेच नाव डब्यावर लावू शकतो. ग्राहक दुकानात याच कंपनीचा डबा नाव घेऊन मागत असेल, किंवा परदेशातल्या एखाद्या मोठ्या खरेदीदाराने तपासण्या करून हाच कारखाना मंजूर केला असेल, तर गोष्ट वेगळी. तसं काही नसेल, तर नव्या गुंतवणुकीवर १३ टक्के आणि टर्मिनल व्हॅल्यू २४ कोटी हाच मला प्रामाणिक आकडा वाटतो.

वाढीच्या दराला वरची मर्यादा कुठे घालायची, याबद्दल न्यूयॉर्क विद्यापीठाचे अस्वथ दामोदरन यांचा एक नियम बरेच मूल्यांकनकार मानतात: त्याच चलनातल्या सरकारी रोख्यांच्या दरापेक्षा जास्त कधीच धरू नये. अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने कायम वाढणारी कंपनी एक दिवस अर्थव्यवस्थेहून मोठी व्हावी लागेल, आणि ते होऊ शकत नाही. डिस्काउंट रेटमध्ये महागाई धरली असेल तर वाढीतही धरायची, आणि एकीकडून काढली तर दुसरीकडूनही काढायची. हे दोन्ही पाळलं तर दर सहसा ताळ्यावर राहतो.

सूत्र न वापरता टर्मिनल व्हॅल्यू काढायचा दुसराही एक रस्ता आहे, आणि खरेदीदारांच्या सल्लागारांना तो फार आवडतो. पाचव्या वर्षाचा व्याज, घसारा आणि कर जाण्याआधीचा नफा, ज्याला एबिटडा म्हणतात, तो घ्यायचा आणि त्याला बाजारात चालणाऱ्या पटीने गुणायचं. आपल्या कंपनीचा एबिटडा ५ कोटी धरू. ८ पट लावली की ४० कोटी. यात वाढीचा दर कुठेच दिसत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतं. प्रत्यक्षात दर आत लपलेला असतो, आणि एका ओळीत बाहेर काढता येतो:

```
g = (TV * r - FCF5) / (TV + FCF5)
g = (40 * 0.13 - 2) / (40 + 2) = 0.076
```

म्हणजे ८ पट मान्य करणाऱ्याने कायमची ७.६ टक्के वाढ मान्य केली. तेवढ्या वाढीसाठी भांडवलाचे ७.६ टक्के परत घालायला लावले, तर रोकड दीड कोटीच्या आसपास उरते आणि सूत्रातून २८ कोटींच्या थोडं वर येतात. ४० कोटी कुठूनही निघत नाहीत. अशी पट बहुधा शेअर बाजारातल्या अशा खाद्यपदार्थ कंपन्यांकडून उचललेली असते, ज्यांच्याकडे देशभर पसरलेलं वितरण आणि नावाजलेला ब्रँड असतो. आपल्या हिशोबातले २५.२५ कोटी म्हणजे एबिटडाच्या पाच पट. पट आणि सूत्र दोन्हींनी उत्तर काढावं, आणि ती जुळत नसतील तर कुठलं गृहीतक त्यांना दूर ठेवतंय ते शोधावं. दोन्हींची सरासरी काढून विषय मिटवणाऱ्या अहवालात ते गृहीतक तसंच दडून राहतं.

आतापर्यंतचे सगळे आकडे संपूर्ण धंद्याचे आहेत, बँकेच्या हिश्शासकट. भागधारकांपर्यंत येताना कर्ज वजा होतं, आणि कर्जाचा आकडा ठरलेला असल्यामुळे टर्मिनल व्हॅल्यूतली सगळी चूक भागधारकांच्या वाट्यातच पडते. ३१ मार्चला कर्ज ६ कोटी आहे असं समजू. एक भाऊ आपले ३० टक्के शेअर घरच्यांना विकून कंपनीतून बाहेर पडतो आहे. काहीच परत न घालणाऱ्या एक्सेलप्रमाणे भागधारकांची किंमत १९.६९ कोटी, त्याचा वाटा ५.९१ कोटी. भांडवलाची सरासरी धरून केलेल्या हिशोबाप्रमाणे १२.२२ कोटी, वाटा ३.६७.

इथे तारखेचा सापळा पुन्हा एकदा लागतो. ३१ मार्चला कॅश क्रेडिट हलकं आहे, कारण गोदाम रिकामं आहे. धंदा वर्षभर चालवायला सरासरीने जेवढं खेळतं भांडवल लागतं, त्याहून त्या दिवशी समजा ३ कोटी कमी आहेत. आधीचा ४ कोटींचा फरक पाचव्या वर्षाअखेरच्या वाढलेल्या धंद्याचा होता, ही तूट आजची आहे. ते पैसे मे महिन्यात कुणालातरी पुन्हा घालावेच लागणार. म्हणून कर्जाबरोबर ही तूटही वजा करायची: १८.२२ वजा ६ वजा ३, म्हणजे ९.२२ कोटी, आणि ३० टक्क्यांचा वाटा २.७७ कोटी. मूल्यांकनाची तारीख ३० जून असेल तर याच्या उलट, गोदामातला साठा सरासरीहून जेवढा जास्त आहे तेवढा मिळवायचा आणि त्या दिवशीचं फुगलेलं कर्ज पूर्ण वजा करायचं. नीट केलं तर दोन्ही तारखांना उत्तर जवळपास सारखं येतं. ते दोन-तीन कोटींनी वेगळं येत असेल, तर हंगामाचा साठा एका ठिकाणी दोनदा धरला गेला आहे किंवा दोन्ही ठिकाणी राहून गेला आहे.